कमिशन वाढवून देतो म्हणणाऱ्याला ‘नाही’ कसं म्हणायचं

(हुडकेश्वर येथील एका अभ्यासिकेत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या रांगेतले पुढे सरकून बसा, पंखा इकडेच चालू आहे.

आज समोर दोन प्रकारची मंडळी दिसताहेत. काही जण माझ्यासारखे शिकवणारे आहेत, ज्यांचं यूट्यूब चॅनल किंवा टेलिग्राम ग्रुप आहे. उरलेले त्या ग्रुपातले विद्यार्थी. विषय शिकवणाऱ्यांचा आहे, पण विद्यार्थ्यांनीही ऐकावा. कारण ज्या सौद्याबद्दल मी बोलणार आहे त्यात विकला जाणारा माल म्हणजे तुम्हीच.

मी पोलीस भरती आणि सरळसेवेचं गणित-बुद्धिमत्ता शिकवतो. टेलिग्रामवर आपली ३,८०० पोरं-पोरी आहेत. बरीचशी उमरेड, कुही, भिवापूरकडून आलेली. हुडकेश्वर रोडला नाहीतर मानेवाड्याला खोली करून राहतात, सकाळी ग्राउंड करतात आणि दिवसभर अभ्यासिकेत बसतात. अभ्यासिकेचे महिन्याला ८०० रुपये. हा ८०० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

एक दिवस मला मेसेज आला. पाठवणारा शेअर बाजारातल्या ऑप्शन ट्रेडिंगचा ऑनलाइन कोर्स विकतो. भाषा एकदम नम्र. ‘सर, तुमचं शिकवणं फार आवडतं. आपण पार्टनरशिप करू या.’ प्रस्ताव असा होता. कोर्सची किंमत २४,९९९, पण माझ्या पोरांना ‘खास’ १४,९९९. मला एक लिंक मिळणार, त्या लिंकवरून जो कोर्स घेईल त्याच्यामागे मला ४० टक्के. सुरुवातीला ९९ रुपयांचं एक वेबिनार, त्यात मी दहा मिनिटं त्यांची ओळख करून द्यायची.

आता खरं सांगतो, मी लगेच नाही म्हटलं नाही. आधी कागद घेतला आणि हिशेब केला. तुमच्याकडे असा प्रस्ताव आला तर तुम्हीही करा, कारण आकडा न बघता दिलेला नकार आकडा कळल्यावर डळमळतो.

४० टक्के म्हणजे १४,९९९ चे नाही बरं का. कमिशन जीएसटी वजा करून मोजतात. १४,९९९ मधून १८ टक्के जीएसटी काढला की १२,७११ उरतात, त्याचे ४० टक्के म्हणजे ५,०८४ रुपये. ग्रुपातल्या शंभरातल्या एकाने जरी कोर्स घेतला, तरी ३८ जण होतात. ३८ गुणिले ५,०८४, म्हणजे १ लाख ९३ हजार. मी काही साधुसंत नाही. घरावर दुसरा मजला अर्धवट उभा आहे. त्या रात्री मला नीट झोप आली नाही.

मग कागदाच्या दुसऱ्या बाजूला पोरांचा हिशेब लिहिला. १४,९९९ भागिले ८००, म्हणजे जवळपास १९ महिन्यांची अभ्यासिका. ३८ जणांचे मिळून ५ लाख ७० हजार रुपये ग्रुपातून बाहेर जाणार, तेव्हा माझ्याकडे १ लाख ९३ हजार येणार. आणि ही फक्त कोर्सची फी. कोर्स केल्यावर पोरगं गप्प बसणार नाही, ट्रेडिंग करणार. त्याला भांडवल लागणार. ते कुठून येईल? घरून खोलीभाड्याला आलेल्या पैशातून, नाहीतर कर्ज देणाऱ्या ॲपवरून.

त्या ट्रेडिंगचं होतं काय, हे माझं मत म्हणून सांगत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा, खर्च धरून, माणशी दोन लाखांच्या आसपास. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. त्यातल्या दोन गोष्टी मला जास्त टोचल्या. २०२३-२४ मध्ये यातले ४३ टक्के लोक तिशीच्या आतले होते, आणि तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवलं होतं. हे वर्णन वाचताना मला माझा ग्रुपच दिसला.

कोर्सवाला यावर म्हणेल, आणि तो म्हणालाही, की ‘सर, ते न शिकलेले लोक आहेत. आमचे विद्यार्थी शिकून उतरतात.’ हा मुद्दा रास्त आहे, तो झटकून टाकू नका. सेबीचा आकडा सगळ्यांचा आहे, कोर्स केलेल्यांचा वेगळा नाही. म्हणून मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. एक, मागच्या बॅचला किती जणांनी प्रवेश घेतला आणि त्यातल्या किती जणांना वर्षभरात निव्वळ नफा झाला? दोन, किती जणांनी पैसे परत मागितले आणि किती जणांना मिळाले? तीन, तुमचा सेबीचा नोंदणी क्रमांक काय?

पहिल्याचं उत्तर म्हणून अकरा स्क्रीनशॉट आले. सगळे हिरवे. अकरा कितीपैकी, हे दोनदा विचारलं, उत्तर नाही. स्क्रीनशॉट एका दिवसाचा असतो. सोमवारी दहा हजार कमावलेला माणूस गुरुवारी चाळीस हजार घालवतो, पण गुरुवारचा स्क्रीनशॉट कोणी पाठवत नाही. दुसऱ्याचं उत्तर, ‘सात दिवसांत पूर्ण रिफंड’. अटी मागवल्या तर तिथे लिहिलेलं की पहिले दोन भाग पूर्ण पाहिलेले असले पाहिजेत आणि दिलेला गृहपाठ जमा केलेला असला पाहिजे. सात दिवसांत, ग्राउंड आणि अभ्यासिका सांभाळून? बाप्पा!

तिसऱ्याला उत्तर आलं, ‘आम्ही फक्त शिक्षण देतो, त्याला नोंदणी लागत नाही.’ इथे जरा थांबू या, कारण शिकवणारे बहुतेक इथेच फसतात.

नुसतं शिकवायला सेबीची नोंदणी लागत नाही, हे खरं आहे. पण कोणता शेअर कधी घ्यायचा हे सांगणं म्हणजे सल्ला, आणि त्याला नोंदणी लागते. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक INA ने आणि रिसर्च ॲनालिस्टचा INH ने सुरू होतो. सेबीच्या वेबसाइटवर तो पाच मिनिटांत तपासता येतो. मग नुसतं शिक्षण ओळखायचं कसं? जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात सेबीने एक सोपी रेघ ओढून दिली आहे. जो म्हणतो मी फक्त शिकवतो, त्याने शिकवताना मागच्या तीन महिन्यांतला बाजारभाव वापरून शेअरचं नाव घेऊन काही सुचवता कामा नये. जुना तक्ता दाखवा, खुशाल शिकवा. याच्या कोर्समध्ये ‘रोज सकाळी ९:१५ ला लाइव्ह मार्केट सेशन’ असं ठळक अक्षरात होतं. म्हणजे रेघ कुठे आहे ते तुम्हीच बघा.

हे कागदी वाटत असेल तर ऑक्टोबर २०२३ चं प्रकरण आठवा. ‘बाप ऑफ चार्ट’ नावाचं यूट्यूब चॅनल होतं. शिक्षणाच्या नावाखाली नोंदणी नसताना सल्ला दिला जातो, असं सेबीने अंतरिम आदेशात म्हटलं आणि गोळा केलेले १७.२ कोटी रुपये वेगळ्या खात्यात जमा करायला सांगितले. त्याच आदेशात असंही होतं की लोकांना नफा दाखवणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या ट्रेडिंगमध्ये अडीच वर्षांत जवळपास तीन कोटींचा तोटा होता. त्याचे विद्यार्थी त्याला गुरू मानत होते. माझे मला मानतात तसेच.

शिफारस करणाऱ्यावर काय येतं, तेही बघा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २१. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. वर एक वर्ष, पुढे तीन वर्षांपर्यंत शिफारस करायला बंदी. सुटका एकच, की शिफारस करण्याआधी दाव्यांची योग्य शहानिशा केली होती हे दाखवता आलं पाहिजे. मी शहानिशा केली होती, आणि तिच्यातून जे निघालं ते त्याच्या विरुद्ध होतं. आता ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोयही राहिली नव्हती.

तर नकार द्यायचं ठरलं. आणि इथे मी चूक केली.

मी लिहिलं, ‘सर, सध्या भरतीची गडबड आहे, परीक्षा झाल्यावर बघू.’ आपल्याकडे थेट नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. पाहुण्याला ‘चहा नको’ सुद्धा आपण तीनदा म्हणतो. पण विकणाऱ्याच्या कानाला ‘परीक्षेनंतर’ म्हणजे तारीख मिळाली. लेखी परीक्षा झाली त्याच आठवड्यात माझा फोटो लावलेलं बॅनर तयार होऊन आलं. ‘सर, फक्त ओके म्हणा.’ दोन पोरांनी तर मला विचारलं, सर तुम्ही ट्रेडिंग शिकवणार आहात का म्हणून. बॅनर कुठून कुठे गेलं होतं, देव जाणे.

त्यातून मला कळलं की नकाराचं कारण निवडताना एक प्रश्न स्वतःला विचारायचा. या कारणावर समोरच्याकडे उपाय आहे का? वेळ नाही म्हटलं तर तो म्हणेल, आम्ही सगळं बनवून देतो. कमिशन कमी वाटतं म्हटलं तर तो वाढवेल. कोर्स महाग आहे म्हटलं तर माझ्या पोरांसाठी ९,९९९ करेल, आणि मग तुम्ही शब्दात अडकलात. कारण असं द्या ज्याच्यावर त्याच्याकडे उपाय नाही. माझं कारण होतं की माझ्या ग्रुपातल्या मुलांकडे हरायला पैसे नाहीत, म्हणून मी त्यांच्यासमोर ट्रेडिंगचा कोणताही कोर्स ठेवणार नाही. ‘कोणताही’ या शब्दाला वजन आहे. ‘तुमचा’ म्हटलं असतं तर तुमचा का नाही यावर वाद झाला असता, आणि शिवाय त्याचा अपमान झाला असता.

दुसऱ्यांदा जे लिहिलं ते वाचून दाखवतो. लागलं तर उतरवून घ्या, तुमच्या शब्दांत बदला.

‘नमस्कार सर. प्रस्तावाबद्दल आणि माझ्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल आभार. विचार करून मी ही भागीदारी न करण्याचं ठरवलं आहे. माझे विद्यार्थी भरतीची तयारी करणारे आहेत, बहुतेकांचं स्वतःचं उत्पन्न नाही, म्हणून ट्रेडिंगचा कोणताही कोर्स मी त्यांच्यापुढे ठेवत नाही. कमिशन किंवा किंमत बदलली तरी हा निर्णय बदलणार नाही. याआधी मी “परीक्षेनंतर बघू” असं म्हटलं होतं, त्यातून गैरसमज झाला असेल तर माझी चूक. माझं नाव आणि फोटो असलेलं बॅनर कृपया कुठेही वापरू नका, आणि पाठवलं असेल तिथून काढून टाका. आपला, …’

यात काय नाही ते बघा. त्याच्या स्क्रीनशॉटवर एक शब्द नाही, सेबी नाही, दंड नाही. मला ते सगळं माहीत होतं, पण ते लिहिलं असतं तर त्याने पानभर खुलासा पाठवला असता आणि मला त्या खुलाशाला उत्तर द्यावं लागलं असतं. शहानिशा स्वतःसाठी असते. नकारात ती ओतायची गरज नाही. मात्र ती जपून ठेवा. त्याचे मेसेज, अटींचं पान, आपलं उत्तर, सगळं एका फोल्डरमध्ये. उद्या कोणी बॅनर दाखवून विचारलं तर तारखेसकट दाखवता येतं.

बॅनरची ओळ सुद्धा महत्त्वाची. नकार दिला म्हणजे आपलं नाव आपोआप बाहेर पडत नाही. लिंक बनलेली असते, कूपन कोडमध्ये आपलं नाव असतं. ते बंद करायला स्पष्ट सांगावं लागतं.

यावर तो गप्प बसला का? नाही. आधी म्हणाला, ५० टक्के करतो. मी फक्त एवढंच लिहिलं, ‘धन्यवाद सर, निर्णय तोच आहे.’ नवं कारण दिलं नाही. दर वेळी नवं कारण दिलं की समोरच्याला वाटतं आधीचं पडलं.

मग तो खरा मुद्दा घेऊन आला. ‘कोर्स राहू द्या सर, फक्त मोफत वेबिनार ठेवू. ज्ञान मिळेल पोरांना, कमिशन घेऊ नका.’ हे ऐकायला फार सोज्वळ वाटतं. मी जवळजवळ हो म्हणणार होतो. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, ‘फुकट देऊन त्याला काय मिळते?’ तिथे डोकं ताळ्यावर आलं. या धंद्यात विक्री होते ती वेबिनारमध्येच. नव्वद मिनिटांतली पहिली साठ शिकवण्याची, शेवटची तीस ‘आज रात्री बारापर्यंतच ही किंमत’ याची. नोंदणीच्या वेळी मोबाइल नंबर घेतात, आणि नंतर महिनाभर फोन सुरू असतात. पोरांनी मला नंबर दिले ते गणिताच्या नोट्ससाठी. कमिशन न घेता मी ते दिले असते तर माझं मन साफ राहिलं असतं, पण पोरांचे १४,९९९ तेवढेच गेले असते. तेव्हा त्यालाही तेच उत्तर.

शेवटी आलं ते भावनिक. ‘तुम्ही नाही तर दुसरे सर करतीलच.’ हे खरं निघालं. म्हाळगी नगर चौकाजवळच्या एका क्लासच्या ग्रुपवर पुढच्या महिन्यात तेच वेबिनार झालं. माझ्या ग्रुपातले काही जण तिकडे गेले, एकाने कोर्स घेतल्याचं मला नंतर कळलं. त्यावर मी काही बोललो नाही. आपण नाही म्हटल्याने ते थांबत नाही. फक्त आपल्या शब्दावर भरवसा ठेवून कोणी जात नाही, एवढाच त्याचा आवाका.

पोरांना हे सांगायचं का? मी नाव घेऊन सांगितलं नाही. नाव घेतलं की वाद त्या माणसाबद्दल होतो, आणि बदनामीची नोटीस आली तर वकील मलाच करावा लागतो. मी एका रविवारी गणिताच्या तासाला सेबीचाच आकडा उदाहरण म्हणून घेतला. शंभरातले ९३, सरासरी तोटा, टक्केवारी काढा. पोरांनी काढली. एका पोरीने विचारलं, ‘सर, मग उरलेल्या सातांत येण्यासाठी काय शिकायचं?’ प्रश्न चांगला होता. मी म्हटलं, आधी नोकरी लाग, मग स्वतःच्या पगारातून विचार.

आता दुसरा प्रकार थोडक्यात. प्रत्येक कोर्सवाला असा नसतो. पुण्याच्या एका शिक्षिकेने मला इंग्रजी संभाषणाच्या कोर्सबद्दल विचारलं होतं. कोर्स मी स्वतः पाहिला, प्रामाणिक होता. पण सगळा इंग्रजीतून, आणि नोकरीत असलेल्यांसाठी. तिथे मूल्यांचा प्रश्न नव्हता, फक्त माझी पोरं त्यात बसत नव्हती. अशा ठिकाणी दार बंद करू नका. मी लिहिलं की माझे विद्यार्थी मराठी माध्यमाचे आहेत, पहिले दोन महिने मराठीतून समजावणारं काही केलंत तर जरूर कळवा. इथे समोरच्याकडे उपाय आहे आणि तो त्याने करावा अशी आपलीही इच्छा आहे, म्हणून इथे उपाय असलेलंच कारण द्यायचं. आणि पुढे कधी अशी शिफारस पैसे घेऊन केलीत, तर पोस्टच्या सुरुवातीलाच ‘जाहिरात’ असं मराठीत लिहा. खाली हॅशटॅगांच्या गर्दीत नाही.

प्रश्न आहेत वाटते. हं, बोला.

श्रोता : सर, प्रस्ताव देणारा नातेवाईक असेल तर? माझ्या मावसभावाचाच कोर्स आहे.

नातेवाइकाला लेखी उत्तर पाठवू नका, घरी जाऊन सांगा. कारण तेच. पण एक वाक्य वाढवा, ‘भाऊ, ग्रुपवर मी कोणाचंच टाकत नाही.’ आणि मग खरंच कोणाचंच टाकू नका, नाहीतर दिवाळीला तोंड दाखवणं अवघड होईल.

श्रोता : आणि मी आधीच एक लिंक टाकलेली आहे. कमिशनही आलं आहे चार हजार.

तुम्ही बोललात हे बरं केलं. आज रात्री लिंक काढा, आणि ग्रुपवर स्पष्ट लिहा की ही लिंक पैसे घेऊन टाकली होती, आता काढली आहे. ज्यांनी कोर्स घेतला त्यांची रिफंडची मुदत शिल्लक आहे का ते बघून त्यांना अर्ज लिहायला मदत करा. ज्यांना खोटं आश्वासन दिलं गेलं असं वाटतं त्यांना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर द्या. रिफंड झाला की कंपनी तुमच्याकडून कमिशन परत मागेल, करारात तसं असतं. ते चार हजार खर्च करू नका, बाजूला ठेवा.

चला, अभ्यासिकेची वेळ झाली. खुर्च्या लावून ठेवा रे पोरांनो.